निरीक्षकाची सही

टेक्ससमध्ये मुलांची नावं सरकारी शाळेत घालायला फार कटकट नाही. जन्मदाखला, लसीकरणाची नोंद, राहत्या घराचा भाडेकरार नाहीतर वीजबिल, पालकाचं ओळखपत्र आणि आधीच्या शाळेची गुणपत्रकं. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही कॅलिफोर्नियाहून ह्यूस्टनच्या एका उपनगरात आलो, तेव्हा हे सगळं मी एका संध्याकाळी संगणकावर चढवून मोकळी झाले. राहिली ती काही सही करायची पानं. घरात कोणती भाषा बोलता हे विचारणारं एक पान होतं, त्यावर आम्ही इंग्रजी लिहिलं, कारण मुलं आपसात तीच बोलतात. आणि एक पान होतं राज्याच्या शिक्षण खात्याचं, एथ्निसिटी आणि रेस विचारणारं. ते मी लेकीकडे सरकवलं. नववीत जाणारी मुलगी, तिच्याबद्दलचा प्रश्न, तिनेच वाचावा.

आमच्या घराची मांडणी सांगायला हवी. मी सांगलीची. नवरा दक्षिण टेक्ससचा, रिओ ग्रान्दे नदीच्या खोऱ्यातला, मेक्सिकन वंशाचा. त्याच्या घरच्यांना ‘तुम्ही अमेरिकेत कधी आलात’ असं विचारलं, तर ते सांगतात की आम्ही कुठेच गेलो-आलो नाही, सीमारेषा आमच्यावरून सरकली. सासूबाई अजून तिथेच राहतात, आणि आम्ही टेक्ससला परतलो ते त्यांच्या जवळ राहता यावं म्हणूनच. मुलं त्यांना अबुएला म्हणतात, माझ्या वडिलांना आजोबा.

पानावर दोन भाग होते. पहिला भाग एथ्निसिटीचा: हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहात की नाही, एकच खूण करा. हिस्पॅनिक म्हणजे कोण, तर क्यूबा, मेक्सिको, पोर्तो रिको, दक्षिण किंवा मध्य अमेरिका किंवा इतर स्पॅनिश संस्कृतीची व्यक्ती, मग तिची रेस कोणतीही असो. दुसरा भाग रेसचा, एक किंवा अधिक खुणा करा. त्यात पाच चौकोन: अमेरिकन इंडियन किंवा अलास्काचे मूळ रहिवासी, एशियन, ब्लॅक, हवाई व प्रशांत बेटांवरचे मूळ रहिवासी, आणि व्हाइट. सहावा चौकोन नाही. ‘इतर’ नाही. कॅलिफोर्नियातल्या अर्जावर निदान ‘एशियन इंडियन’ असा वेगळा चौकोन होता. इथे भारत, चीन, जपान, फिलिपिन्स सगळे एकाच घरात.

हिस्पॅनिकवर तिने लगेच खूण केली. मग पेन थांबलं.

“पहिला प्रश्न पापाचा आणि दुसरा तुझा, असं आहे का?” तिने विचारलं.

मला वाटलं, हो, तसंच असावं. पण तिने पुढचं वाक्य वाचून दाखवलं: रेस कोणतीही असो. म्हणजे हिस्पॅनिक माणसालाही एक रेस असायलाच हवी. मग पापाची कोणती? त्याला हाक मारली. तो म्हणाला, “व्हाइट. आम्ही नेहमी व्हाइटच लिहितो.” ती त्याच्याकडे बघत राहिली. उन्हाळ्यात तो माझ्यापेक्षा काळा दिसतो. “व्हाइट का?” तर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याने आईला फोन लावला.

सासूबाईंचा जन्म १९४६ चा. त्यांच्या जन्मदाखल्यावर रेसच्या पुढे ‘व्हाइट’ असंच छापलेलं आहे. यामागे मोठी गोष्ट आहे, आणि ती टेक्ससची खास आहे. १८४८ च्या तहात मेक्सिकोचा उत्तरेकडचा प्रचंड मुलूख अमेरिकेकडे गेला आणि तिथे राहिलेल्या मेक्सिकन लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व देऊ केलं गेलं. त्या काळी परदेशातून आलेल्यांपैकी नागरिक होता यायचं ते फक्त गोऱ्या माणसाला, त्यामुळे मेक्सिकन माणूस कायद्यापुरता गोरा धरला जाऊ लागला. १९३० च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ ही वेगळी रेस म्हणून घातली होती. त्यावर मेक्सिकोच्या सरकारने आणि इथल्या मेक्सिकन संघटनांनी आक्षेप घेतला, आणि १९४० ला ती काढून सगळ्यांना परत व्हाइटमध्ये टाकलं. कागदावर गोरे, पण शाळा मात्र वेगळ्या. १९४८ मध्ये डेलगाडो खटल्यात टेक्ससच्या फेडरल न्यायालयाने मेक्सिकन मुलांना वेगळं बसवणं बेकायदेशीर ठरवलं, पण त्या निकालात एक फट राहिली: पहिलीच्या वर्गात, भाषा येत नसेल तर, त्याच शाळेत वेगळी तुकडी चालेल. त्या फटीतून बऱ्याच शाळांनी आपलं जुनं काम चालू ठेवलं.

सासूबाई त्याच तुकडीत बसल्या. इंग्रजी येत होतं, तरी बसल्या. फोनवर त्यांनी हे नेहमीच्या कोरड्या आवाजात सांगितलं आणि नातीला म्हणाल्या, “व्हाइट लिही, बाळा. तो कागद माझ्याकडे होता आणि मला काही मिळालं नाही. तू तरी वापर.”

लेक काही बोलली नाही. फोन ठेवल्यावर म्हणाली, “पण ज्याचा अबुएलालाच उपयोग झाला नाही, ते मी कशाला लिहू?”

मग माझी पाळी आली. तिला वाटत होतं, माझी बाजू सोपी आहे, एशियन. मी तिला भगतसिंग थिंड सांगितला. (आपला शहीद भगतसिंग नव्हे, हे इथल्या मुलांना सांगावं लागत नाही, पण मराठी वाचकांना सांगायला हवं.) पंजाबातून आलेला, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेला हा माणूस नागरिकत्वासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९२३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हा बसत नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं अशा कित्येक भारतीयांचंही मग काढून घेतलं. १९२० ते १९४० च्या जनगणनांमध्ये भारतातून आलेल्यांची रेस ‘हिंदू’ लिहिली जायची, मग तो शीख असो की मुसलमान. १९७० ला भारतीयांना व्हाइटमध्ये मोजलं. ‘एशियन इंडियन’ हा चौकोन १९८० पासूनचा.

तिने क्षणभर हिशेब केला. “म्हणजे १९७० मध्ये तू इथे असतीस तर तू व्हाइट, पापाही व्हाइट. आणि मी? प्युअर व्हाइट?”

आम्ही तिघं हसलो. धाकटा खालून ओरडला, काय झालं म्हणून.

अमेरिकन इंडियनच्या चौकोनावर ती जास्त वेळ अडली. त्याची व्याख्या मी समजत होते त्यापेक्षा मोठी निघाली: उत्तर आणि दक्षिण अमेरिकेच्या, मध्य अमेरिका धरून, कोणत्याही मूळ लोकांचा वंशज, आणि ज्याचं त्या टोळीशी किंवा समाजाशी नातं टिकून आहे असा. सासूबाईंची आजी मूळ लोकांपैकी होती असं त्यांच्या घरात सगळे सांगतात. कोणत्या लोकांपैकी, हे कुणाला ठाऊक नाही. तिचं नाव स्पॅनिशच होतं. लेकीने वाक्याचा दुसरा अर्धा भाग दोनदा वाचला आणि म्हणाली, “वंश आहे, नातं नाही. मग नको.” नवऱ्याला ते पटलं नाही. रक्तात आहे ना, असं त्याचं म्हणणं. पण ही व्याख्या रक्तापाशी थांबत नाही, हे ती बरोबर पकडून होती.

रविवारी सांगलीला व्हिडिओ कॉल केला. माझे वडील आयुष्यभर शाळेत लिपिक होते. जनरल रजिस्टर त्यांच्या हातचं. धर्म, जात, पोटजात हे रकाने त्यांनी किती मुलांसाठी भरले असतील! आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्यातलं एक अक्षर चुकलं तर पुढे जातपडताळणीत काय धावपळ होते, हे त्यांच्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न: “पुरावा काय जोडायचा?”

“काहीच नाही, आजोबा.”

“काहीच नाही म्हणजे? वडिलांचा दाखला? आजोबांचा?”

“आपण जे सांगू ते लिहितात.”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आणि उद्या बदलावंसं वाटलं तर? गॅझेटात द्यावं लागतं का?” तेही नाही, म्हटल्यावर त्यांचा त्या अर्जावरचा विश्वासच उडाला. ज्याला पुरावा लागत नाही, त्या नोंदीला किंमत काय, असा त्यांचा सरळ विचार. मला तेव्हा जाणवलं की दोन्हीकडे रकाना असला तरी जात वेगळी आहे. तिकडचा रकाना त्या मुलाला काहीतरी मिळणार की नाही हे ठरवतो, म्हणून त्याला पुरावा लागतो. इथला रकाना बेरजेसाठी आहे. मुलाला वर्गात जागा मिळण्याशी त्याचा संबंध नाही.

हे न्यू जर्सीच्या माझ्या मावसभावाला मात्र पटलं नाही. त्याचा फोन आला तो थेट सल्ला घेऊन: हिस्पॅनिक ठळक लिहा, एशियन लिहूच नका, चार वर्षांनी कॉलेजला बघा कसा फायदा होतो. असा सल्ला आमच्या ओळखीत खूप जण देतात. कॉलेजचा अर्ज मूल स्वतः नव्याने भरतं, तिथे नववीच्या प्रवेशाचं पान कुणी मागत नाही. शिवाय जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात रेस बघून प्रवेश देणं थांबवलेलं आहे. विद्यार्थ्याने निबंधात आपलं आयुष्य सांगितलं तर ते वाचायला बंदी नाही, पण चौकोनावरून निवड नाही. हे सगळं सांगूनही भाऊ म्हणाला, “तरीपण.”

सोमवारी शाळेत गेलो तेव्हा दुसरा भाग कोराच होता. लेकीने ठरवलं होतं: मला माहीत नाही, म्हणून रिकामं. ते मला प्रामाणिक वाटलं होतं.

रजिस्ट्रारबाई पन्नाशीच्या, चष्मा साखळीला लावलेला. त्यांनी सगळे कागद चाळले, लसींच्या तारखा पाहिल्या, आणि ते पान पाहून थांबल्या. त्यांनी ते आमच्याकडे फिरवलं आणि वरच्या मजकुरातल्या एका वाक्यावर बोट ठेवलं. आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं आणि कुणाच्याही डोक्यात शिरलं नव्हतं: माहिती द्यायला नकार दिलात, तर शेवटचा उपाय म्हणून शाळेला निरीक्षणावरून ती भरावी लागेल, फेडरल शिक्षण विभागाची तशी अट आहे. पानाच्या तळाशी त्यासाठी वेगळी चौकट होती. शाळेच्या निरीक्षकासाठी राखीव. एथ्निसिटी, एकच खूण. रेस, एक किंवा अधिक. निरीक्षकाची सही, शाळा, तारीख.

“निरीक्षण कशाचं?” लेकीने विचारलं.

“तुझं,” बाई म्हणाल्या. त्यांना ते म्हणायला आवडलं नव्हतं, हे दिसत होतं.

“म्हणजे तुम्ही माझ्याकडे बघून लिहिणार?”

“मी आधी घरी फोन करते. पत्र पाठवते. पुन्हा विचारते. तरी काही आलं नाही तर कुणाला तरी सही करावी लागते.”

“तुम्ही माझं काय लिहाल?”

बाईंनी चष्मा काढला. “ते मी तुला सांगणार नाही, बाळा,” त्या म्हणाल्या. त्यांनी ‘मिहा’ म्हटलं, म्हणजे आपण मुलीला लाडाने म्हणतो तसं. त्या स्वतः कोण असतील हे माझ्याही डोक्यात आलं, आणि आपणही आत्ता निरीक्षणच करतोय हे लक्षात येऊन मी दुसरीकडे बघितलं.

नंतर मी हे वाचून काढलं. २००७ मध्ये फेडरल शिक्षण विभागाने या मोजणीचे नियम ठरवले आणि २०१०-११ च्या शालेय वर्षापासून सगळीकडे लागू केले. कॉलेजातल्या माणसाने सांगितलं नाही तर त्याची नोंद ‘माहीत नाही’ अशी ठेवता येते. बारावीपर्यंतच्या मुलाची तशी ठेवता येत नाही. म्हणून ती चौकट.

लेकीने पेन मागितलं. मला वाटलं, व्हाइट आणि एशियन दोन्ही करेल, कारण आदल्या रात्री तिचं तसं चाललं होतं. तिने फक्त एशियनवर खूण केली. “पापा वरच्या प्रश्नात आला आहे,” ती म्हणाली. नवरा काही बोलला नाही. अबुएलाला काय सांगायचं, एवढंच त्याने नंतर गाडीत विचारलं.

बाईंनी माहिती संगणकात भरली. पडदा आमच्या बाजूला थोडा वळलेला होता. लेकीच्या नावासमोर, एकत्रित नोंदीच्या जागी, एकच शब्द उमटला: हिस्पॅनिक.

“एशियन कुठे गेलं?”

बाईंनी दुसरं पान उघडून दाखवलं. तिथे दोन्ही खुणा जशाच्या तशा होत्या. त्या फाइलमध्ये राहतात, पण वर पाठवायच्या तक्त्यात मूल एकाच रकान्यात जातं. असे सात रकाने आहेत. पहिला हिस्पॅनिक, कोणत्याही रेसचे. उरलेले सहा फक्त हिस्पॅनिक नसलेल्यांसाठी: पाच रेसचे पाच, आणि सहावा ‘दोन किंवा अधिक रेस’. आमच्या शेजारच्या मुलाची आई चिनी आणि वडील गोरे, तो जातो दोन किंवा अधिकमध्ये. माझ्या मुलीने पाचही चौकोन भरले असते तरी वरच्या एका खुणेमुळे ती हिस्पॅनिकच राहिली असती.

म्हणजे आदले दोन दिवस तिने ज्या प्रश्नावर डोकं फोडलं, त्याच्या उत्तराने तक्त्यात काहीच बदलणार नव्हतं. तिचे बीजगणिताचे गुण हिस्पॅनिक गटाच्या निकालात धरले जाणार, एशियन गटाच्या नाही. शाळांचं मूल्यमापन गटवार निकालांवरूनही होतं, त्यामुळे ही बेरीज शाळेसाठी महत्त्वाची आहे. आणि कुणी ‘या शाळेत मिश्र वंशाची मुलं किती’ म्हणून ‘दोन किंवा अधिक’चा आकडा पाहिला, तर माझी मुलगी त्यात नसेल. टेक्ससमध्ये, जिथे सार्वजनिक शाळांतली निम्म्याहून जास्त मुलं हिस्पॅनिक आहेत, तो आकडा किती अपुरा असेल याचा अंदाज करा.

बाईंना हे ठाऊक होतं. मार्च २०२४ मध्ये वॉशिंग्टनहून नवा नियम निघाला आहे, त्यात दोन प्रश्नांचा एकच प्रश्न होणार, हिस्पॅनिक हा बाकीच्यांच्या शेजारचाच एक चौकोन होणार, आणि मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेच्या लोकांना स्वतःचा चौकोन मिळणार. पण अंमलबजावणीला काही वर्षं दिलेली आहेत. “माझ्याकडे अजून हेच पान आहे,” बाई म्हणाल्या आणि ते फाइलमध्ये लावलं. तळाची चौकट कोरीच राहिली.

लेक त्यावर चिडेल असं मला वाटलं होतं. तिला उलट मजा वाटली. मोजणाऱ्याला दिसत नाही अशी एक खूण आपण फाइलमध्ये ठेवली आहे, हे तिने मैत्रिणीला फोनवर फुशारकीने सांगितलं.

धाकट्याचं पान त्याच आठवड्यात भरायचं होतं, मिडल स्कूलचं. त्याचं आपण पालकांनीच भरायचं, पण ताईला विचारलं म्हणून त्यालाही विचारणं भाग होतं. त्याने फार वेळ घेतला नाही. पहिल्या भागात ‘हिस्पॅनिक नाही’, दुसऱ्यात एशियन आणि व्हाइट.

“नाही?” नवरा म्हणाला.

“मला स्पॅनिश येत नाही ना. ताईला येतं.”

“त्यात भाषेचा काही संबंध नाही.”

“मग कशाचा आहे?”

नवऱ्याने व्याख्या वाचून दाखवली, संस्कृती किंवा वंश. धाकटा म्हणाला की मग मराठीही त्याला येत नाही, समजते फक्त, तरी एशियन लिहितोच आहे, कारण तिथे भाषा विचारलेली नाही. पण हिस्पॅनिकच्या व्याख्येत ‘स्पॅनिश’ शब्द आहे. अकरा वर्षांच्या मुलाशी यावर वाद घालणं कठीण आहे. नवऱ्याने घातला, बराच वेळ. आवाज चढला नाही, पण त्याला लागलं होतं. त्याने आपल्या आईची पहिलीची तुकडी पुन्हा सांगितली. म्हणूनच तिने आपल्या मुलांशी घरात इंग्रजी बोलायचं ठरवलं होतं, तो स्वतः स्पॅनिश शिकला तो मोठेपणी कामावर, हे मीही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

धाकट्याने पेन्सिल खाली ठेवली. “मग अबुएलाला विचारू?” तो म्हणाला.

फोन लागला नाही, त्या चर्चमध्ये होत्या. अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचा होता, म्हणून ते पान आम्ही फ्रिजवर लावलं, पहिला भाग खोडरबराने पुसून.